बारशाआधीचं बाळंतपण

मी सत्यवती. चौऱ्याऐंशी साली नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात स्त्रियांच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते. माझी बावीस वर्षं नोकरी झाली होती. आमचे विभागप्रमुख मनोहरराव सर राउंडला आले आणि एखाद्या बाईची हकीगत जुळेना, की डॉक्टरांच्या घोळक्याकडे न बघता म्हणायचे, "सिस्टरला विचारा." मी नागपूरच्या महाल भागात वाढलेली, वडिलांचं मूळ गाव उमरेडच्या पलीकडे. खेड्यातली बाई पुण्या-मुंबईच्या डॉक्टरपुढे मान खाली घालते आणि माझ्यापुढे पोटातलं सगळं ओकते. पगार तर सगळ्यांनाच मिळतो, मला सरांच्या या एका वाक्याचा माज होता.

त्या वर्षी दिवाळीआधी डॉक्टर शामला मुंबईहून शिकून आल्या. वय तिशीच्या आत, आवाज मऊ, साडीची इस्त्री मोडत नसे. येताना त्यांनी एक तक्ता आणला. वारेच्या पेशी कधी कधी बाळंतपणानंतर किंवा पोट पडल्यानंतर गर्भाशयात मागे राहतात, कॅन्सरसारख्या वाढतात, छातीत पोचतात. त्या आजाराचा तो तक्ता. बाईचं वय, आधीचं गरोदरपण कोणतं होतं, ते संपून किती महिने झाले, रक्तातला गर्भाचा हार्मोन किती, गाठ केवढी, कुठे पसरली, किती ठिकाणी, आधी कुठलं औषध देऊन फसलं का. नवऱ्याच्या रक्तगटालासुद्धा मार्क. सगळ्यांची बेरीज करायची. शाळेत जास्त मार्क चांगले, इथे उलटं. चारपर्यंत एका औषधावर भागतं. आठ किंवा वर गेलं तर तीन औषधं एकदम, नाहीतर बाई हातची जाते.

डॉक्टर शामलांनी तो तक्ता जाड पुठ्ठ्यावर लिहून ड्युटीरूममध्ये टांगला. नेमका माझ्या कॅलेंडरच्या खिळ्याला. माझं कॅलेंडर कपाटावर ठेवलं होतं, नीट, पण कपाटावर. त्या आठवड्यात सर राउंडला दोनदा म्हणाले, "शामलाला विचारा." मी जळले. दुसरा शब्द नाही त्याला.

दिवाळी झाल्यावर भिवापूरची सुभद्रा आली. वय तेवीस, रंग पांढराफटक, सोबत नवरा रुपराव आणि सासू जिजाबाई. पाच महिन्यांपूर्वी पाळी चुकली होती, मग अंगावरून जायला लागलं, उमरेडच्या डॉक्टरनं पोट पडलं म्हणून पिशवी साफ केली. निघालेलं तपासायला पाठवलं नाही, टाकून दिलं. तेव्हापासून रक्त थांबलं नव्हतं आणि आता खोकला लागला होता. छातीच्या फोटोत दोन गोल डाग होते.

डॉक्टर शामलांनी खुर्ची ओढली आणि स्वतः विचारायला बसल्या. मी ट्रे घेऊन मागे उभी.

"मुलं किती?"

"नाही जी," जिजाबाई बोलली.

"आधी कधी दिवस गेले होते?"

सुभद्रानं सासूकडे पाहिलं. "एक डाव पोट पडलं. आता तीन महिन्याखाली. बाकी काही नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी म्हणाले, "मॅडम, सासूला बाहेर पाठवून एकदा मी विचारू का?"

त्या हसूनच म्हणाल्या, "सिस्टर, हिस्ट्री झालीय माझी. तुम्ही जरा टेम्परेचर बघा."

वाईट हेतूनं म्हणाल्या नव्हत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दोन विद्यार्थिनी बाजूला उभ्या होत्या, आणि बावीस वर्षांत मला कोणी टेम्परेचर बघायला पाठवलं नव्हतं.

दुपारी सुभद्राचं अंग पुसताना मी तिचं पोट पाहिलं. बेंबीच्या खालपासून दोन्ही कुशींपर्यंत रुपेरी रेघा. दोन महिन्यांच्या पोटाला असल्या रेघा पडत नाहीत, त्या नवव्या महिन्यापर्यंत ताणलेल्या कातडीच्या असतात. डॉक्टरांनाही दिसल्या असणार, पण कागदावर लिहिलेलं एकदा डोळ्यांत बसलं की समोरचं दिसत नाही. मला लगेच कळलं. आमच्या भागात बाराव्या दिवशी बारसं होतं. त्याआधी लेकरू गेलं तर त्याला नाव नाही, आणि नाव नाही ते लेकरू मोजत नाहीत. किती मुलं विचारलं तर ते सांगत नाहीत, किती बाळंतपणं विचारलं तरी नाही. विचारायची पद्धत वेगळी आहे, आणि ती मला येत होती.

मी विचारलं नाही. तिच्या अंगावर चादर ओढली आणि मनात म्हटलं, बघू दे तिला तिच्या तक्त्यात.

रक्ताची बाटली बर्फात घालून मुंबईला गेली, कारण तो हार्मोन मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. आठ दिवसांनी आकडा आला, चाळीस हजार. रुपरावाचं बोट टोचलं, नवराबायको दोघंही ओ गटाचे, त्याचे मार्क शून्य. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बेरीज मांडली. पोट पडलं त्याचा एक. चार महिन्यांच्या आत, म्हणून शून्य. हार्मोनचे दोन. छातीतल्या दोन डागांचा एक. एकूण चार.

"कमी धोका," त्या म्हणाल्या. "एकटं मेथोट्रेक्सेट पुरेल. केसही जाणार नाहीत."

सर म्हणाले, "वा." मी पट्ट्या गुंडाळत होते.

इंजेक्शनं मीच दिली. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशी मेथोट्रेक्सेट, मधल्या दिवशी त्याचा उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड. मग सहा दिवस विश्रांती, पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. सुभद्रा मुकाट्यानं कूस बदलायची. डॉक्टर शामला रोज तिच्या खाटेवर टेकून बसत आणि ती त्यांना 'बाई, बाई' करी. त्याचंही मला वाईट वाटायचं. इंजेक्शन मी टोचणार आणि माया त्यांची.

औषधाच्या पहिल्या फेरीनंतर आकडा अठ्ठावीस हजार आला. डॉक्टर खूश. माझा जीवही हलका झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, औषध लागू पडतंय, मग रेघांचं काय घेऊन बसायचं. दुसऱ्या फेरीनंतर एकतीस हजार. पुढच्या आठवड्यात तेहेतीस. छातीच्या फोटोत तिसरा डाग दिसला.

डॉक्टर शामला तक्त्यासमोर उभ्या राहून पुन्हा पुन्हा बेरीज करत होत्या. जेवणाचा डबा तसाच पडलेला. मला पाहून म्हणाल्या, "सिस्टर, काहीतरी चुकतंय. माझ्याकडून काहीतरी सुटलंय, आणि मला ते सापडत नाही." हे ऐकायला मी दीड महिना थांबले होते. ऐकलं, आणि गोड लागलं नाही.

मी सुभद्राकडे गेले. तिचं तोंड आतून सोललं होतं, पेजसुद्धा गिळवत नव्हती. जिजाबाईला मी चिठ्ठी देऊन औषधं आणायला खाली पाठवलं. खाटेवर टेकले.

"सुभद्रा, तुह्या मांडीवर लेकरू किती दिवस होतं वं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "पोरगा होता. मागच्या सालच्या पोळ्याले झाला. पुरे दिवस भरले होते. बारसं नाही झालं, तं बुढी म्हने, नाव नाही त्याचं काय सांगाचं. कोनाले सांगू नोको."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलंच नाही ना, सिस्टरबाई. मी रोज पाहो, का तुमी इचारान."

मी उठले. ड्युटीरूममध्ये जाऊन डॉक्टर शामलांना सांगितलं. पाळी चुकली आणि रक्त गेलं ते त्या हार्मोनमुळे; ते उमरेडचं पोट पडणं नव्हतंच, तो आजारच होता. खरं गरोदरपण त्या नऊ दिवसांच्या पोराचं. त्यांनी मला एक प्रश्न केला नाही, पेन घेतलं. पुरे दिवस भरलेलं बाळंतपण, दोन. वर्षाच्या वर काळ, चार. हार्मोन दोन. छातीतले डाग, एक. "नऊ," त्या पुटपुटल्या. "पहिल्या दिवशीच नऊ होते." मग शेवटच्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं. आधी दिलेलं एक औषध फसलं असेल तर, दोन. त्यांनी ते दोन मिळवले. अकरा.

ते दोन मार्क आजाराचे नव्हते, माझे होते. मी तिथंच उभी होते आणि रेघांचं लपवलं.

दुसऱ्या दिवसापासून तीन औषधं. मेथोट्रेक्सेट, ॲक्टिनोमायसिन, सायक्लोफॉस्फामाइड. ॲक्टिनोमायसिन शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं, म्हणून ते जाईपर्यंत मी तिचा हात धरून बसायची, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. केस गेले. पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की तापानं दोनदा आम्हाला वाटलं, ही जाते. रुपराव जिन्यात बसून राहायचा. दुसऱ्या फेरीनंतर आकडा नऊ हजार. मग सातशे. मग चाळीस. मार्चात मुंबईहून कागद आला, हार्मोन सापडत नाही. लागोपाठ तीन आठवडे तसाच कागद आला, तरी डॉक्टरांनी वर आणखी दोन फेऱ्या दिल्या. घरी पाठवताना जिजाबाईला बजावलं, दर महिन्याला रक्त तपासायला आणायचं आणि वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. गरोदरपणातही तोच हार्मोन वाढतो, मग आजार परतला की लेकरू आहे, हे कसं कळणार. जिजाबाईनं तोंड वाकडं केलं, पण मान हलवली.

मे महिन्यात विभागाच्या बैठकीत डॉक्टर शामलांनी ही केस मांडली. शेवटी म्हणाल्या, "माझी हिस्ट्री चुकली होती. सिस्टर सत्यवतींनी खरी काढली, म्हणून ही मुलगी आज आहे."

सर हसले. "मी पहिल्यापासून म्हणतोय, सिस्टरला विचारा."

टाळ्या झाल्या. दिवाळीपासून मला जे हवं होतं ते सगळं त्या खोलीत मिळालं, आणि ते शामलांनी स्वतःच्या हातानं दिलं. मला खुर्चीत बसवेना.

बैठक संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, "मॅडम, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. अंग पुसताना रेघा पाहिल्या. तुम्ही मला टेम्परेचर बघायला सांगितलंत म्हणून मी बोलले नाही. तुमचा हेवा वाटत होता."

हातातली सुभद्राची फाइल त्यांनी छातीशी धरली होती. त्या रागावतील, रडतील, सरांकडे जातील, सगळ्याची मी तयारी केली होती.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, आवाज नेहमीइतकाच मऊ, "ती वाचली म्हणून तुम्ही हे सांगताय. गेली असती तर सांगितलं असतं?"

आणि उत्तरासाठी त्या थांबल्या. 'हो' म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.