शेठ बीसीसीत

बमरोलीच्या आमच्या डाइंग मिलमध्ये शेठने पाहिल्याशिवाय काम झालं, असं कुणी धरतच नाही. म्हणून मॅनेजर वाल्मिकभाऊ प्रत्येक मेल शेठला बीसीसी, म्हणजे इतरांना दिसणार नाही असा, करायचे.

साड्यांचा रंग गेला, तेव्हा त्या घेणारा जयपूरचा व्यापारी आणि रंग पुरवणारी कंपनी एकाच मेलवर होते. भाऊंनी कंपनीला सगळ्यांदेखत झापलं आणि गुपचूप शेठला बीसीसीत घातलं.

मी म्हटलं, "भाऊ, शेठला नंतर वेगळं फॉरवर्ड करा. त्यांनी बीसीसीतून रिप्लाय-ऑल दाबलं, तर सगळ्यांना जाईल."

"योगिता, शेठला अक्कल शिकवू नको!"

बरं, नाही शिकवत.

दहा मिनिटांत शेठचं उत्तर सगळ्यांना गेलं: "शाबास वाल्मिक! रंग पक्का करायची वाफ आपणच कमी दिली, हे कुणाला कळू देऊ नको."

भाऊंनी घाईघाईने लिहिलं, "कृपया वरचा मेल वाचू नये." तेही रिप्लाय-ऑल! ज्यांनी वाचला नव्हता, त्यांनीही मग वाचला.

संध्याकाळी रंग कंपनीचं उत्तर आलं. त्यांनी कुणालाही लपवलं नव्हतं. त्यांचा वकील उघड सीसीत होता.