माझ्या बाईला कुणी ओळखलंच नाही

मित्रांनो, मी एक जुनी, गंजलेली तलवार आहे. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात पडून असते. माझं काय, लोखंडच ते! पण जिच्या हाताशी मला पुरलं, ती कोण होती हे लोकांना कळावं, एवढी एकच इच्छा उरली आहे.

एका लोहाराने मला तापवून, ठोकून घडवलं आणि माझ्या बाईच्या हाती दिलं. तिची माणसं गवताळ माळावर घोडे पाळत. तिथे घोड्यावर मांड ठोकायला आणि बाण सोडायला मुलगे-मुली बरोबरच शिकत. सगळ्याच बायका लढत असं नाही; ती लढे. जनावरं पळवायला टोळी आली, की भावाच्या शेजारी घोडा घाली. एरवी दूध काढी, कातडी शिवी. एकदा तिच्या हातावर वार बसला. तो भरून आला, पण हाड थोडं वाकडं जुळलं.

नदीपल्याडच्या शहरातून एक व्यापारी घोडे घ्यायला येई. त्यांच्याकडे बायकांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज होता. तो गोष्ट सांगे : जगाच्या टोकाला बायकांचं राज्य आहे, तिथे पुरुषांना थारा नाही, धनुष्य ओढायला अडचण नको म्हणून त्या स्वतःचा एक स्तन कापतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझी बाई तर रोज धनुष्य ओढत होती.

"शेवटी काय होतं?" तिने हसत विचारलं.

"आमचा वीर जातो आणि राणीला हरवतो. नाहीतर लग्न करून घरी आणतो."

"दर वेळी तोच जिंकतो?"

"दर वेळी."

"मग एवढं घाबरता कशाला?"

व्यापारी घोड्याचे दात तपासू लागला. मला वाटतं, त्यांना भीती आमची नव्हतीच. आपल्याच घरातली बाई उद्या उंबरा ओलांडेल, ही होती. म्हणून गोष्टीत सगळं उलटं करायचं आणि शेवटी वीर पाठवून सुलटं करायचं.

पुढे एका चकमकीत माझ्या बाईच्या गुडघ्यात बाण रुतला. ती त्यातून उठली नाही. मुलीने तिच्याजवळ आरसा आणि मणी ठेवले, उजव्या हाताशी मला ठेवलं. मग वर माती पडली.

किती काळ गेला कोण जाणे. उत्खनन करणाऱ्या सरांनी माती बाजूला केली. मला पाहताच ते म्हणाले, "योद्धा आहे हा." आरशाचं काय, असं कुणीतरी विचारलं. "बायकोने ठेवला असेल," म्हणाले. हाडांकडे कुणी नीट पाहिलंच नाही. ती खोक्यात गेली, मी इथे आले, आणि पाटीवर लागलं, 'अज्ञात वीर पुरुष'. मला फार रडू आलं, पण लोखंडाला रडता येत नाही.

सर म्हातारे झाल्यावर त्यांच्याच एका विद्यार्थिनीने ते खोकं उघडलं. ती हाडांची तज्ज्ञ. एक दिवस सरांना घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, कमरेच्या हाडाची खाच रुंद आहे. दातातल्या डीएनएवरूनही बाईच ठरते. मांडीच्या हाडावर घोडेस्वारीच्या खुणा आहेत, गुडघ्यात बाणाचं टोक आहे."

"मग तलवार दुसऱ्या कुणाची असेल."

"पुरुष समजत होतो, तेव्हा तलवार त्याचीच होती ना, सर?"

सरांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "पाटी बदला."

ही हाडांची तज्ज्ञ ताई मात्र सांभाळून बोलणारी. तिने लिहून दिलं : नुसत्या तलवारीवरून कुणी योद्धा ठरत नाही, पण जखमांवरून ही बाई लढली असं दिसतं. अशा बायकांबद्दल ऐकूनच दूरच्या लोकांनी गोष्टी रचल्या असतील. बायकांच्या राज्याचा मात्र काही पुरावा नाही.

संग्रहालयाच्या संचालकांना ते मिळमिळीत वाटलं. "एवढं वाचायला कोण येणार?" ते म्हणाले. ताई भांडली, पण तिचं कुणी ऐकलं नाही. भिंतीवर भलंमोठं चित्र आलं, छाती कापलेली, डोळे वटारलेली बाई, आणि खाली ठळक अक्षरं : 'पुरुषांचा कर्दनकाळ! स्वतःच्या मुलग्यांनाही जिवंत न सोडणारी राणी'. माझी बाई आगीतून फुफाट्यात पडली. आधी पुरुष झाली, मग राक्षसीण.

आता गर्दी होते. परवा एक छोटी मुलगी पाटी वाचून आईला बिलगली. "आई, ही स्वतःच्या बाळाला मारायची?"

"हो गं, तसंच लिहिलंय," आई म्हणाली आणि तिला पुढे घेऊन गेली.

मित्रांनो, माझ्या बाईला एक मुलगा होता. तो तापाने गेला, तेव्हा ती त्याला मांडीवरून खाली ठेवायलाच तयार नव्हती. भावाने हात सोडवले तिचे. हे कुठल्याच हाडावर उमटलेलं नाही, आणि काचेआडून मला ते त्या मुलीला सांगता येत नाही. म्हणून हात जोडून एवढंच मागते. जी माणसं आता बोलू शकत नाहीत, त्यांच्याबद्दल ठाऊक असेल तेवढंच सांगा. बाकीची जागा कोरी राहू द्या.