तुळईला खिळा नाही

भोरच्या बाजारपेठेत आमच्या शेजारच्या रतनबाईंचं शिवणयंत्र माडीच्या सज्ज्यात असे. आतल्या खोलीत दिवसाही दिवा लागायचा, म्हणून उजेडासाठी सज्जा. पण आषाढातली झड थेट कापडावर यायची. दीर आनंदरावांनी सांगून ठेवलं होतं, "वहिनी, पुन्हा गिऱ्हाइकाचं कापड भिजलं, तर यंत्र आत आणि सज्ज्यात भाताची पोती."

ताडपत्री लावली की अंधार. मग मुंबईहून पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा आणला. वर गुंडाळायचा, खाली सोडायचा.

सुतार रखमाजी म्हणाला, "नुसती दोरी कडीतून घेतली तर भिजून फुगती, घासती. कप्पी हलकी चालती, पर दोन्ही टोकांच्या दोऱ्या एकदम वढाया लागत्यात, न्हाईतर गुंडाळी तिरकी. हँडलाचा रूळ सरळ फिरतो, सोडाल तितं थांबतो. पर त्याचं वजन लई. त्याला तुळईच पायजे."

"हँडलच लावा," रतनबाई म्हणाल्या. "एका हातानं फिरेल."

आनंदरावांनी नकारार्थी मान हलवली. तुळईवर वास्तुशांतीचा नारळ बांधलेला. "तुळईला खिळा नाही. पागोळीच्या फळीला ठोका."

ठोकलं. आनंदरावांना हँडल इतकं आवडलं, की पाऊस नसतानाही पडदा वर-खाली. मला वाटतं, त्या घरात त्यांच्या हातानं दुसरं काही इतकं सहज हललेलं मी पाहिलं नव्हतं.

एके दुपारी पडदा वाऱ्यानं शिडासारखा फुगला. रूळ शाबूत, हँडल शाबूत. फळीच खिळ्यांसकट सुटली. गिऱ्हाइकाचं लग्नाचं पातळ भिजलं.

"आता पोती," आनंदराव म्हणाले.

रतनबाई पातळ पिळत राहिल्या. मग वर नारळाकडे पाहिलं. नारळ दोरीनं बांधलेला होता, भोवती फेर घेऊन.

"भावजी, देवाला खिळा चालत नाही. पण विळखा चालतो ना?"

आनंदरावांनी नारळाच्या दोरीकडे पाहिलं आणि रखमाजीला हाक मारली. रखमाजीनं तुळईभोवती लोखंडी पट्ट्या घेतल्या, बोल्टानं आवळल्या. त्यांना पडद्याची वरची पट्टी आणि कप्प्या लटकवल्या. हँडलाचा रूळ सोडून दिला; पट्ट्या वजनानं सरकल्या असत्या. दोन्ही दोऱ्या एका बाजूला आणून एकत्र गाठ घातली, एका हातानं दोन्ही ओढता यायला. पडद्याच्या तळाची नळी कठड्याच्या कड्यांत अडकवली.

"ओला गुंडाळू नका, चिकटतो," रखमाजी म्हणाला. "आन् उन्हाळ्यात आत मांजरपाट लावा. ह्यो पाऊस अडवतो, ऊन न्हाई."

पुढच्या वाऱ्यात पडदा फुगला, कण्हला, राहिला.

पोती आली नाहीत. आनंदराव मात्र आले, खुर्ची घेऊन, सज्ज्यात पाऊस बघायला.

"भावजी, जरा सरका," रतनबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "उजेड अडवताय."