त्र्याहत्तर दिवसांचा दंड

आप्पांचा हिशेब चुकला, असं त्या कारखान्यात कुणी कधी म्हटलं नव्हतं. एक तर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि दुसरं म्हणजे तो खरोखरच चुकत नसे. कारखाना म्हणजे तरी काय? एक लांबट खोली, तिच्यात अकरा शिलाई मशिनं, एक भलंमोठं कटिंगचं टेबल आणि छतापर्यंत गेलेले पांढऱ्या कापडाचे गठ्ठे. रुग्णालयाला लागणाऱ्या चादरी, उशांचे अभ्रे आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे हिरवे अंगरखे इथे शिवले जात. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा आप्पांचा स्वभाव. मीटरभर कापड इकडचं तिकडे झालं तरी ते अख्खी खोली डोक्यावर घ्यायचे.

त्यांची थोरली मुलगी जूनपासून त्यांच्या हाताखाली आली होती. त्याआधी वर्षभर ती नवऱ्याच्या बदलीच्या गावी होती. नवऱ्याची बदली परत इथे झाली आणि आप्पांनी एवढंच विचारलं, "घरी बसून काय करणार आहेस? ये." झालं, नेमणूकपत्र मिळालं!

त्या सकाळी रुग्णालयाकडून दंडाच्या दाव्याचं उत्तर आलं. आप्पा बाहेर कापडवाल्याशी हुज्जत घालत होते, म्हणून ते तिनेच उघडलं.

प्रकरण साधं होतं. चार लाख ऐंशी हजारांचं बिल, तारीख दोन जानेवारी. करारात लिहिलं होतं की पैसे तीस दिवसांत द्यायचे. म्हणजे शेवटचा दिवस एक फेब्रुवारी. त्यापुढे जेवढी रक्कम थकेल तिच्यावर वर्षाला अठरा टक्के दंड, सरळव्याजाने, वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं. रुग्णालयाने हिशेब मिटवला तो थेट आठ सप्टेंबरला. एक फेब्रुवारीपासून मोजले तर दोनशे एकोणीस दिवस. आप्पांनी दंड काढला होता एक्कावन्न हजार आठशे चाळीस. "मी काढलाय, तू फक्त टाईप कर," असं ते म्हणाले, आणि तिने फक्त टाईप केलं. वडिलांचा आकडा तपासून बघावा, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

उत्तरात लिहिलं होतं, 'दावा फुगवलेला असल्याने अमान्य. पंधरा एप्रिल रोजी एक लाख ऐंशी हजार अदा केले आहेत. थकीत तीन लाखांवर दोनशे एकोणीस दिवसांचे बत्तीस हजार चारशे मंजूर. अंतिम पावतीवर सही करून धनादेश न्यावा.'

फुगवलेला! हा शब्द आप्पांनी वाचला तर काय होईल? तिने पासबुक काढलं. पंधरा एप्रिलला एक लाख ऐंशी हजार जमा होते. सप्टेंबरात आले ते उरलेले तीन लाखच. म्हणजे आप्पा विसरले होते. विसरले तर विसरले, माणूस आहे, तिने स्वतःची समजूत घातली. रुग्णालयात जाता जाता हळूच सांगू.

पण उत्तर वाचल्यावर आप्पा ऐकायच्या मनःस्थितीत होते कुठे? सबंध रस्ताभर त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "मला लबाड म्हणतात? एकतीस वर्षं यांच्या चादरी शिवतोय मी! सात महिने शिवणाऱ्या बायकांनी निम्म्या मजुरीवर काढले. त्यांना शब्द दिलाय मी, दंडातला पै न् पै तुमच्यात वाटीन. एक आकडा खोटा निघाला तर मशिनीला हात लावणार नाही!" ती दोनदा "आप्पा, ऐका ना" म्हणाली. दोन्ही वेळा आप्पांनी ऐकलं नाही.

बिल विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. तिथल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या. बोलणं तुटक, पण माणूस वाईट नसावं. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग म्हणाल्या, "काका, एप्रिलचे पैसे तुम्ही धरलेच नाहीत."

"कसले एप्रिलचे? एक छदाम आला नाही एप्रिलमध्ये. सगळे एकदम सप्टेंबरात आले."

"पावती आहे माझ्याकडे."

"असेल कुणाची तरी."

बाईंनी फाईल पुढे सरकवली. पावतीखाली आप्पांची सही होती. शेवटच्या अक्षराचा शेपटा वर नेऊन त्याखाली दोन टिंबं देणारी ती सही थोरलीने शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहिली होती. आप्पा सहीकडे बघत राहिले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"सही माझीच आहे," ते म्हणाले. "पण मी... मला नाही दिले हे पैसे."

बिल चुकीचं वाचणं वेगळं, बेरजेत हातचा विसरणं वेगळं. इथे एक लाख ऐंशी हजार रुपये हातात घेतल्याचा अख्खा दिवसच वडिलांच्या डोक्यातून नाहीसा झाला होता.

बाईंनी अंतिम पावती पुढे करून पेन उघडलं. "जाऊ दे काका. बत्तीस हजार चारशेवर सही करा, मी धनादेश देते. फुगवलेला वगैरे शब्दही काढून टाकू."

सोपं होतं. सही करायची, खाली उतरायचं आणि वडिलांची लाज राखून घरी जायचं. पण थोरलीचं लक्ष त्या बत्तीस हजारांवर अडकलं होतं. तीन लाखांवर दोनशे एकोणीस दिवस? एप्रिलपर्यंत तर एक रुपयाही आला नव्हता! तोवर थकले होते ते पूर्ण चार लाख ऐंशी हजार. बाईंच्या संगणकाने शेवटी उरलेली बाकी उचलली आणि तीच पहिल्या दिवसापासून धरली. तो फरक बायकांच्या मजुरीचा होता. आणि तो मागायचा, तर पंधरा एप्रिल ही तारीख धरूनच मागावा लागणार होता. म्हणजे वडिलांच्या तोंडावर, परक्या बाईसमोर, त्यांना खोटं पाडायचं.

तिने समोरची अंतिम पावती बाजूला सारली.

"मॅडम," ती म्हणाली, "एप्रिलमध्ये पैसे आले होते. आमचा दावा चुकला."

आप्पांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. असं त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांची नजर चुकवून घाईघाईने पुढे बोलली, "पण तुमचाही चुकलाय. पंधरा एप्रिलपर्यंत पूर्ण रक्कम थकलेली होती. तोपर्यंतचा दंड पूर्ण रकमेवर लागतो, आणि तिथून पुढचा तीन लाखांवर. दोन तुकडे करायला हवेत."

बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. "करा बघू."

थोरलीने कागद घेतला आणि तो आप्पांच्या पुढ्यात ठेवला. "आप्पा, तुम्हीच सांगा. तुमच्याइतकं पटकन मला नाही जमायचं."

आप्पांचे डोळे अजून त्या सहीवरच होते.

"एक फेब्रुवारी ते पंधरा एप्रिल," ती म्हणाली. "मुदतीचा दिवस सोडायचा, पैसे आले तो धरायचा."

"फेब्रुवारीचे सत्तावीस," आप्पा पुटपुटले. "मार्चचे एकतीस, अठ्ठावन्न. एप्रिलचे पंधरा. त्र्याहत्तर." आणि मग त्यांचा तोच जुना आवाज आला, कटिंगच्या टेबलावरचा. "अगं, त्र्याहत्तर पंचे तीनशे पासष्ट! बरोब्बर वर्षाचा पाचवा हिस्सा. चार लाख ऐंशीचे अठरा टक्के शहाऐंशी हजार चारशे, त्याचा पाचवा हिस्सा सतरा हजार दोनशे ऐंशी. लिही."

तिने लिहिलं.

"पुढे?"

"पंधरा एप्रिल ते आठ सप्टेंबर."

"एकूण दोनशे एकोणीस, त्यातून त्र्याहत्तर गेले. एकशे सेहेचाळीस. म्हणजे दोन पाचवे हिस्से. तीन लाखांचे वर्षाचे चोपन्न हजार, त्यातले दोन हिस्से एकवीस हजार सहाशे. दोन्ही मिळून अडतीस हजार आठशे ऐंशी."

बाईंनी यंत्रावर ठोकून पाहिलं. पुन्हा एकदा ठोकलं. "अडतीस हजार आठशे ऐंशी," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे काका. सहा हजार चारशे ऐंशी आमच्याकडून कमी लागले होते. दुपारनंतर नवा धनादेश नेलात तरी चालेल." आणि उठून त्यांनी आप्पांना नमस्कार केला. थोरलीला बाईंचे पाय धरावेसे वाटले.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बाकडं होतं. आप्पा तिथे बसले. ती उभीच राहिली. आता बोलणी खायची तयारी तिने केली होती.

"एप्रिलमध्ये त्या पैशांचं मी काय केलं गं?" आप्पांनी विचारलं.

"पासबुकात आणि मजुरीच्या वहीत आहे ना. कापडवाल्याचं देणं दिलंत. बायकांना थोडे थोडे वाटलेत. सगळं नीट केलंत, आप्पा."

"मग बरं झालं."

एक परिचारिका रिकामी चाकाची खुर्ची ढकलत वरच्या वऱ्हांड्यातून गेली. चाकांचा आवाज लांब जाईपर्यंत आप्पा थांबले.

"तुला कधी कळलं?"

"आज सकाळी."

"मला आधीच कळलं होतं." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "दावा लिहायला बसलो, तेव्हा पैसे कसे कसे आले तेच आठवेना. पासबुक बघितलं, तर एप्रिलची ओळ दिसली. वाटलं, बँकेची चूक असेल. कुणाला विचारणार? तुला विचारलं असतं, तर तुला समजलं असतं. म्हणून लिहून टाकलं, सगळे एकदम आले. म्हटलं, ठासून सांगितलं की लोक मानतात. आजवर मानत आले ना."

"आप्पा, अहो विचारायचं ना मला! मी काय परकी आहे का?" ती रडायलाच लागली. पदराने तोंड दाबून ती त्यांच्या शेजारी टेकली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. गुणाकार येत होता. बाकी जे जात होतं, ते अडवायला त्यांना जमत नव्हतं.

डोळे पुसून ती म्हणाली, "बँकेच्या सहीत माझंही नाव घालून घेऊ. आज नको, तुम्ही दमलात. उद्या जाऊ."

आप्पा कठड्याला धरून उठले.

"उद्या नको, आजच चल," ते म्हणाले. "उद्या मी तुझ्याशी भांडेन. का जायचं ते मला आठवणार नाही."

तिने त्यांचा हात धरला आणि दोघं बँकेत जायला खाली उतरली.