शिफारशीची कार्डं

ढेकूण मारणाऱ्या माणसाची एक अडचण असते, ती सुताराला किंवा गवंड्याला कधी येत नाही. त्याचं काम कितीही चोख झालं, तरी गिऱ्हाईक चारचौघांत त्याचं नाव घेत नाही. नवीन कपाट लोक पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. ढेकूण गेले हे सांगायचं, तर ते आले होते हे आधी कबूल करावं लागतं.

त्यामुळे फवारेवाल्याला फोन यायचे तेही दबक्या आवाजात. "गाडी जरा कोपऱ्यावरच लावा हं. आणि कोणी विचारलंच तर गीझर बघायला आलोय म्हणा." तो गीझरवाला होऊन जायचा, पलंग उभे करून फटीफटीत औषध मारायचा आणि परत यायचा. अंडी पहिल्या फवाऱ्याला दाद देत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा गीझरवाला व्हायचा.

फोन आणि हिशेब त्याच्या बायकोकडे होते. पूर्वी तो एका मोठ्या कंपनीत हेच काम करायचा. कंपनी त्याला गावोगाव पाठवायची आणि घरी तो पाहुण्यासारखा यायचा. ती नोकरी सोडताना दोघांनी ठरवलं होतं, की वर्षअखेरपर्यंत आपला धंदा उभा राहिला नाही, तर त्याने मुकाट्याने परत जायचं. आता वर्ष संपत आलं होतं.

बायकोने एक गोष्ट मात्र पहिल्यापासून केली होती. फोन करणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "आमचं नाव कोणी सांगितलं?" आणि उत्तर भिंतीवरच्या फळ्यावर मांडायची. त्या फळ्यावर निम्म्या रेघा एकाच नावापुढे होत्या: ताई.

ताई म्हणजे फवारेवाल्याची मोठी बहीण. घरीच शिवणकाम करायची. जवळच्या शाळेचे गणवेश, बायकांचे ब्लाउज, पडदे. तिच्याकडे एकदा ढेकूण झाले होते, भावाने ते मारले, आणि ती गोष्ट ती माप घेता घेता कोणालाही सांगायची. "लाजायचं काय त्यात? ढेकूण काय पत्ता विचारून येतात? हात वर करा. माझ्या भावाने असे घालवले, की आता एखादा बघायला म्हणून मिळायचा नाही." बायका हसायच्या, लख्ख खोलीभर नजर फिरवायच्या आणि घरी जाऊन फोन करायच्या.

"अहो, आपल्याला अशा दहा ताया पाहिजेत," बायको म्हणाली.

"एकीनेच लहानपणी माझे कान लांब केलेत, दहा कुठे आणतेस?"

पण तिने योजना आखली आणि ती नीट आखली. काम पूर्ण झालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाच कार्डं द्यायची. कार्ड घेऊन येणाऱ्याला पहिल्या फवारणीत सवलत. ज्याने कार्ड दिलं, त्याला पुढच्या वर्षी घराची तपासणी फुकट. पण नुसता फोन आला म्हणून नाही, नव्या गिऱ्हाइकाची दुसरी फवारणी झाल्यावरच. कोणामुळे कोण आलं हे कळावं, म्हणून प्रत्येक कार्डावर खाली एक ओळ होती. 'शिफारस' असं छापलेलं आणि त्यापुढे देणाऱ्याचं नाव, बायकोने स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं. वर अर्थातच ठळक अक्षरांत ढेकूण.

गिऱ्हाइकांनी कार्डं हसून घेतली. महिना गेला, कार्ड घेऊन कोणीच आलं नाही. एका आजोबांनी तर पाचही कार्डं यांच्या दाराखालून परत आत सरकवली आणि बाहेरूनच विचारलं, "माझं नाव घालून वाटता? सुनेच्या माहेरी कळलं म्हणजे?"

ताईने मात्र आणखी मागून घेतली. "वहिनी, पाचाने काय होतंय? गठ्ठा दे." आणि शिवून झालेल्या प्रत्येक कपड्याच्या पिशवीत तिने एकेक कार्ड घातलं. आता तोंडाने सांगायची गरजच नव्हती.

पुढच्या आठवड्यात फोन वाजायला लागले. "कोणी सांगितलं?" "त्या शिवणकाम करतात ना, त्यांचं कार्ड आहे." फळ्यावर ताईच्या नावापुढची रेघांची रांग कडेला पोचली. हे सगळे तपासणी मागत होते, फवारणी नाही, हे बायकोच्या लक्षात आलं होतं; पण तपासणीनंतर काम निघतंच, असा तिचा अनुभव होता. रात्री जेवताना ती म्हणाली, "कंपनीला कळवून टाका, येत नाही म्हणून."

"थांब गं जरा. आज चार घरं पाहिली. एकाही घरात काही नाही."

"मग बोलावतात कशाला?"

"तेच कळत नाही. सगळ्या आधी कपड्यांचं कपाटच उघडून दाखवतात."

बायकोचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं ताईकडे गेले. शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती. दाराजवळ न शिवलेल्या कापडांचे गठ्ठे नव्हते. खोली एकदम मोठी वाटत होती.

"या," ताई म्हणाली. "कापडं लोक घेऊन गेले. उरलेली मीच पोचवली. दोघींनी दारातूनच घेतली, गॅलरीत वाळत घातली."

"ताई, काय झालं?" फवारेवाल्याने विचारलं.

"कोणाच्या तरी सासूला पिशवीत कार्ड मिळालं. नव्या गणवेशाबरोबर ढेकणांचं कार्ड, आणि त्यावर माझं नाव. तिने फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. 'या घरात शिवलेले कपडे मुलांना घालू नका.' शाळेने यंदाचं काम काढून घेतलं."

"पण तुमच्याकडे आता काहीच नाहीये! मी सगळ्यांना सांगते," बायको म्हणाली.

"मीही सांगत होतेच ना, वहिनी. तेव्हा समोर बसून सगळं सांगायचे. आले, गेले, बघा खोली. कार्डाने नुसतं आले एवढंच सांगितलं."

बायकोला रडू आवरेना. "मी फक्त कोणी सांगितलं एवढंच विचारत राहिले. काय सांगितलं, हे एकदाही विचारलं नाही."

"रडू नकोस. रागावले नाहीये मी," ताई म्हणाली, पण तिने पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते तिच्याही लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर बायकोने उरलेली कार्डं फाडली. नावाऐवजी नुसते आकडे लिहिले असते, कोणाचा कोणता आकडा ते आपल्याजवळच ठेवलं असतं, तरी हिशेब लागला असता. इतकं सोपं होतं. मग ती फोन घेऊन बसली आणि ताईच्या गिऱ्हाइकांना एकेक करून लावू लागली.

पहिलीने ऐकून घेतलं. "हो हो, बघू पुढच्या वेळी." दुसरीने मधेच तोडलं, "तुमच्याच नणंद ना त्या? तुम्ही तसंच म्हणणार." तिसरी आवाजावरून भली वाटली. बायकोने तिला सगळं शांतपणे समजावून सांगितलं. घर स्वच्छ आहे, दोनदा फवारणी झाली, वर्षात एकही निघाला नाही.



"अगं बाई! म्हणजे त्यांच्याकडे ढेकूण होते?" ती बाई म्हणाली. "मी नाही हो त्या ग्रुपवर. माझ्या मुलीचे दोन फ्रॉक टाकणार होते त्यांच्याकडे. बरं झालं सांगितलंत."

बायकोने फोन खाली ठेवला. अजून पुष्कळ जणींना लावायचा होता. आतल्या खोलीत फवारेवाला कंपनीच्या साहेबांशी बोलत होता, "हो साहेब, कुठेही चालेल, लांबचं असलं तरी चालेल." तिने त्याला थांबवलं नाही आणि पुढचा नंबरही लावला नाही.