दिरहमची खुंटी

रामाजींचा मला राग यायचा, आणि तो फार वेळ टिकायचा नाही. हा माणूस रामदासपेठेतल्या आमच्या बँकेत आला की आधी सगळ्यांना खजूर वाटतो आणि मग काम सांगतो. मी तिथे परकीय चलनाच्या टेबलावर बसते. वाडीत त्यांचं गोदाम आहे, दुबईहून खजूर मागवतात. बायको कुसुमताई मौद्याची राइस मिल चालवतात, त्यांचा तांदूळ दुबईला जातो. फर्म एकच, दोघे भागीदार. रुपया घसरला की तिकडे तांदळाचे जास्त रुपये येतात म्हणून कुसुमताई खुशीत, आणि इकडे खजूर महाग पडला म्हणून रामाजी तोंड पाडून. सकाळी दोघांनी भाव बघितला की त्यांच्या घरात दोघांपैकी एकाचाच चहा गोड होत असणार, असं मी त्यांना चिडवायची.

नोव्हेंबरात रामाजी रमजानच्या खजुराचा करार घेऊन आले. तीन लाख दिरहम, पैसे जानेवारीअखेर द्यायचे. एरवी ते डॉलरमध्ये करार करत, या वेळी दिरहममध्ये केला होता. व्यापाऱ्यांना माल त्यांनी रुपयांत ठरलेल्या भावाने विकूनही टाकला होता. मी म्हटलं, आजच्या भावाने दिरहम आगाऊ बुक करून ठेवा, रुपया कुठे जाईल सांगता येत नाही. तर हसून म्हणाले, "मॅडम, दिरहम तं फिक्स आहे. मले माहीत आहे."

फिक्स आहे हे खरंच होतं. मला वाटलं, माणूस जाणूनबुजून जोखीम घेतो आहे. कशाशी फिक्स, हे मी विचारलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवशी दिरहम चोवीस रुपयांच्या जरा वर होता. जानेवारीत पंचवीसला टेकला. पैसे भरायच्या दिवशी मी आकडा सांगितला तेव्हा रामाजींनी खजुराचा डबा उघडलाच नाही. अडीच लाख जास्त लागत होते, आणि त्यांचा सगळा नफा तेवढाच होता. त्यातून ते कुसुमताईंना धान वाळवायचं मशीन घेऊन देणार होते. तीन वर्षं झाली, दर दिवाळीला शब्द द्यायचे.

"पण फिक्स होता नं? नेपाळचा कसा, आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ. मी इतकी वर्षं संत्री पाठवली तिकडे, कधी हलला नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नेपाळचा रुपया बांधलेला आहे आपल्या रुपयाशी. यांनी ऐकलं दिरहम बांधलेला, आणि धरून चालले की तोही आपल्याशीच.

"रामाजी, दिरहम डॉलरच्या खुंटीला आहे. एका डॉलरचे पावणेचारला थोडे कमी, रोज तेच. आपला रुपया मोकळा. रिझर्व्ह बँक कधी मध्ये हात घालते, पण बांधून ठेवत नाही. रुपया डॉलरपुढे जेवढा घसरला तेवढाच दिरहमपुढेही."

ते हळूच म्हणाले, "कुसुमले सांगू नका."

माझी पंचाईत झाली, कारण कुसुमताई तेव्हा दारातच होत्या. मौद्याहून बसने आलेल्या, हातात फाईल. डिसेंबरात तांदळाचे दिरहम फर्मच्या परकीय चलनाच्या खात्यात आले होते. दर आठवड्याला मी फोन करायची की भाव चांगला आहे, रुपये करून घ्या, आणि दर आठवड्याला त्या नाही म्हणायच्या. जानेवारी संपायच्या आत ते वापरा नाहीतर रुपये करावे लागतील, हेही बजावलं होतं. मला वाटायचं, बाईंचा लोभ सुटत नाही; त्या पैशांचा खजुराशी संबंध मी लावलाच नाही.

त्यांनी फाईल माझ्यापुढे सरकवली. खजुराचे पैसे या दिरहमातूनच भरा, म्हणाल्या. खात्यात सव्वातीन लाख होते.

रामाजी त्यांच्याकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"माह्या तांदळाचा भाव डॉलरसोबत चढते, मले नाही माहीत राहणार? तुम्ही करार घेऊन नाचत आले, तेव्हाच समजलं."

"मंग सांगितलं काहून नाही वं?"

"इतके खुश होते तुम्ही. मले नाही सांगवलं."

मी फॉर्म भरला. खजुराला एकही रुपया बदलावा लागला नाही. त्यांचा तोटा आणि तांदळावर झालेला फायदा एकमेकांत विरून गेले. पण बाईंनी ते दिरहम विकले असते, तर त्या वाढीव अडीच लाखांत मशीन लगेच आलं असतं; आता व्यापाऱ्यांकडून खजुराचे पैसे येईपर्यंत पुन्हा नवऱ्याच्या शब्दाचीच वाट बघायची होती. हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

सही करताना रामाजींचा हात थांबला. मशीनचं काय, एवढंच त्यांनी विचारलं.

"अंगणात ऊन आहे अजून," कुसुमताई म्हणाल्या, आणि रामाजींच्या पिशवीतून डबा काढून खजूर आधी त्यांच्याच हातावर ठेवला.