मिस्त्रींची मुलगी

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना एकच मूल होतं आणि तो मुलगा होता. तरीही अर्ध्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं की मिस्त्रींना एक गोड आवाजाची मुलगी आहे. या बातमीवर शिक्कामोर्तब खुद्द मिस्त्रींनीच केलं होतं.

झालं असं. पोरगा सोळा वर्षांचा झाला, बापाच्या खांद्याच्या वर गेला, ओठांवर मिशी फुटली, पण आवाज काही फुटला नाही. शाळेत त्याला ‘शिट्टी’ म्हणायचे. सुट्टीत तो दुकानात बसायचा, बॉबिन भरायचा, फोन घ्यायचा. पलीकडून हमखास येणार, ‘‘ताई, मिस्त्री आहेत का?’’ तो मुकाट्याने फोन बापाकडे द्यायचा.

एके दिवशी शिवणवर्गाच्या बाई काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, ‘‘मिस्त्री, तुमची मुलगी फोनवर किती गोड बोलते हो!’’

आता खरं सांगायला काय जात होतं? पण या बाईंकडे वीस मशिनं, जीभ तिखट, गावभर ओळखी. मिस्त्री कसनुसं हसले आणि म्हणाले, ‘‘हो ना, पोरगी हुशार आहे माझी.’’

मागे मशीनला तेल घालत पोरगा बसला होता. त्याने तेलाची कुपी खाली ठेवली, बूच घट्ट लावलं आणि मागच्या दाराने निघून गेला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. घरीसुद्धा मानेने हो, मानेने नाही. मिस्त्रींना त्या दिवसापासून भाकरी गोड लागेना. आधी पोराच्या आवाजाची लाज वाटायची, आता स्वतःच्या जिभेची वाटत होती. पण माफी मागायची म्हणजे पुन्हा तो विषय काढायचा, आणि तेवढी छाती मिस्त्रींची नव्हती. त्यांनी आपलं सोपं काम केलं. पोराला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. रक्तही तपासलं. मग म्हणाले, ‘‘सगळं उत्तम आहे. स्वरयंत्र मोठ्या माणसाएवढं वाढलंय. पण बोलताना हा ते वर ओढून, ताणून धरतो. लहानपणीची सवय सुटलेली नाही, एवढंच.’’

‘‘म्हणजे मशीन चांगलं आहे, दोऱ्याचा ताण जास्त ठेवलाय,’’ मिस्त्री म्हणाले.

‘‘अगदी तसंच. ऑपरेशन नको, औषध नको. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे जा.’’

त्या बाईंची खोली लहानशी होती. एक आरसा, दोन खुर्च्या, आवाज टिपायचं यंत्र. त्यांनी पोराला काही विचारलंच नाही. म्हणाल्या, ‘‘खोकून दाखव बरं.’’

पोरगा खोकला. तो खोकला जाड, भारदस्त, चांगला बाप्याचा निघाला.

‘‘ऐकलास? खोकताना तू आवाज वर ओढत नाहीस. आता खोकल्याच्या शेपटीला ‘आ’ जोड.’’ असं म्हणत त्यांनी त्याच्या गळ्याच्या कंठमण्यावर दोन बोटं ठेवली आणि हलकेच मागे-खाली दाबली. पोराने ‘आ’ केलं. आवाज पहिल्यांदा चिरकला, मग एकदम खाली गेला. दोन सेकंद ती खोली त्या जाड सुराने भरून गेली.

आणि मिस्त्री मोठ्याने हसले.

आनंदाने हसले हो! बंद पडलेलं मशीन पहिला टाका घालतं तेव्हा ते असेच हसायचे. पण पोराच्या कानाला हसणं फक्त एकाच प्रकारचं ठाऊक होतं. त्याने तोंड मिटलं. कानशिलं लाल झाली.

‘‘तुम्ही जरा बाहेर बसा,’’ बाई म्हणाल्या.

ते बाहेर बसणं मग कायमचंच झालं. आठवड्यातून दोनदा मिस्त्री बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसत. आतून खोकल्याचे, गुणगुणण्याचे आवाज येत, पण दार जाड होतं. घरी आल्यावर पोरगा न्हाणीघरात कडी लावून, नळ सोडून सराव करी. बाहेर आला की पुन्हा गप्प. फार लागलंच तर आईला तीच जुनी बारीक हाक. महिना गेला. मिस्त्रींना वाटलं, व्यायाम फुकट गेला.

शेवटी त्यांनी बाईंना गाठलंच. ‘‘फरक काही दिसत नाही.’’

‘‘फरक पहिल्याच दिवशी पडला. आधी शब्द, मग वाक्यं, मग वाचन, सगळं तो आता खालच्या आवाजात करतो. माझ्याशी अर्धा तास गप्पा मारतो.’’

‘‘मग घरी का नाही बोलत?’’

बाई म्हणाल्या, ‘‘नवा आवाज सापडतो लवकर. तो ओळखीच्या माणसांपुढे काढायची लाज जात नाही. कोणीतरी पुन्हा हसेल, ही भीती असते. ती का आहे, ते तुम्हीच बघा.’’

मिस्त्री मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरी जाताना त्यांनी दहादा तोंड उघडलं आणि दहादा मिटलं.

पुढच्या आठवड्यात पोरगा एकटाच बाईंकडे गेला. दुपारी दुकानात फोन वाजला. नंबर अनोळखी.

‘‘मशीन दुरुस्त करता ना?’’ जाड, सावकाश आवाज.

‘‘करतो ना साहेब! काय होतंय?’’

‘‘टाका सुटतोय.’’

‘‘सुई बदलून बघितली? उलटी बसली असेल बघा. नाहीतर घेऊन या, बसल्या जागी करून देतो.’’ धंद्याचं बोलणं निघालं की मिस्त्रींची जीभ तेल दिल्यासारखी चालायची.

पलीकडच्याने ‘बरं’ म्हटलं. मग, ‘‘मागे फोनवर तुमची मुलगी बोलायची. ती आहे का?’’

मिस्त्रींच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. हे साहेब कोण, कुठले, पुन्हा भेटतील न भेटतील. पण बहुधा म्हणूनच, परक्या माणसापुढे, त्यांच्या तोंडून खरं निघून गेलं.

‘‘मला मुलगी नाही साहेब. तो मुलगा होता माझा. आवाज बारीक होता त्याचा. मला लाज वाटली म्हणून मी लोकांना खोटं सांगितलं. तेही त्याच्यासमोर.’’ मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. ‘‘पोरात काही खोट नाही. खोट माझ्यात. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे... मशीन आणा तुम्ही.’’

पलीकडून काहीच येईना. फोन तुटला की काय म्हणून मिस्त्रींनी कानापासून काढून पाहिला. पुन्हा कानाला लावला तेव्हा तो जाड आवाज मध्येच चिरकला, वर चढला, आणि त्या जुन्या, बारीक, शिट्टीसारख्या सुरात एकच शब्द आला.

‘‘बाबा.’’

तो आवाज मिस्त्रींनी हजारात ओळखला असता. त्यांनी काउंटरची कड धरली.

पलीकडे कोणीतरी खोकलं. एक छोटंसं गुणगुणणं ऐकू आलं, आवाज पायरी पायरीने खाली उतरला.

‘‘बाबा, मीच आहे. बाईंच्या फोनवरून बोलतोय. त्यांनी सांगितलं होतं, कुठल्याही एका दुकानात फोन कर आणि पाच मिनिटं बोल. मी आपल्या दुकानात केला.’’ मग तो म्हणाला, ‘‘अजून दोन मिनिटं राहिलीत. तुम्ही बोला ना काहीतरी.’’

मिस्त्रींनी बोलायला तोंड उघडलं, पण आवाज घशात वरच अडकून बसला. खाली यायलाच तयार नाही. मग त्यांनीही फोन कानाशी धरून एकदा खोकून पाहिलं.